प्रस्तावना : व्याजाच्या दोन तारखांमधला सौदा

समजा, बोदवडच्या एका निवृत्त शिक्षकाने रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून केंद्र सरकारचा ‘7.18 टक्के, 2033’ हा रोखा विकत घेतला. दर्शनी किंमत एक लाख रुपये. पडद्यावर भाव दिसला 103.20. (हा भाव उदाहरणापुरता धरला आहे, बाकी तारखा आणि दर खऱ्या रोख्याचे आहेत.) सौदा झाला शुक्रवारी, 21 नोव्हेंबर 2025 ला, पैसे आणि रोखा यांची देवघेव झाली सोमवारी, 24 तारखेला. गुरुजींच्या हिशोबाने खात्यातून 1,03,200 रुपये जायला हवे होते. गेले 1,05,194 रुपये 44 पैसे.

वरचे 1,994 रुपये 44 पैसे कुठे गेले? रिटेल डायरेक्टला खाते उघडण्याचे किंवा सौद्याचे शुल्क नाही, मध्ये दलाल नाही, हा करही नाही. हे पैसे ज्याने रोखा विकला त्याला मिळाले, आणि ते त्याच्या हक्काचेच होते. पडद्यावरचा 103.20 हा भाव म्हणजे क्लीन प्राइस. खात्यातून गेलेली रक्कम शंभरी हिशोबात 105.1944, ती डर्टी प्राइस. दोहोंमधला फरक म्हणजे साचलेले व्याज. बँकेतले लोक त्याला ‘ब्रोकन पिरियड’ म्हणतात. हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. 1,994 रुपयांसाठी अख्खे पुस्तक कशाला, असे वाटेल. पण हाच फरक पाच कोटींच्या सौद्यावर सहकारी बँकेचा मार्चचा नफा फुगवतो, आणि त्याच्यावरून बँका आणि आयकर खाते यांच्यातले भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण आपली सवय मुदत ठेवीची. कापसाचे पैसे हातात आले की ते पतसंस्थेत किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी बँकेत पावतीवर ठेवायचे, मुदत संपली की व्याजासकट उचलायचे. पावतीला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मालक एकच. मध्येच मोडली तर बँक दर कमी करून व्याज देते, पण तो ठेवीदार आणि बँक यांच्यातलाच मामला असतो. रोख्याचे तसे नाही. रोखा मुदतीत कितीही वेळा हात बदलतो. सरकार मात्र व्याज वर्षातून दोनदाच देते, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी ज्याचे नाव नोंदीत असेल त्याला सहा महिन्यांचे सगळे व्याज एकरकमी देते. मधल्या काळात रोखा कोणाकडे किती दिवस होता, हे सरकार विचारत नाही. ती वाटणी विकणारा आणि घेणारा यांनी सौद्याच्या दिवशीच आपापसांत करून टाकायची असते.

आपल्या रोख्याच्या व्याजतारखा 14 फेब्रुवारी आणि 14 ऑगस्ट. मागचे व्याज 14 ऑगस्ट 2025 ला मिळाले. तिथून 24 नोव्हेंबरपर्यंत रोखा विकणाऱ्याकडे होता. सरकारी रोख्यांच्या हिशोबात महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे धरतात. 14 ऑगस्ट ते 14 नोव्हेंबर हे तीन महिने म्हणजे 90 दिवस, पुढचे 10, एकूण 100. शंभर रुपयांवर वर्षाचे व्याज 7.18, म्हणून 7.18 गुणिले 100 भागिले 360, म्हणजे 1.9944. लाखाला 1,994.44. गुरुजींनी ते विकणाऱ्याला आगाऊ दिले. फेब्रुवारीत त्यांना सहामाहीचे पूर्ण 3,590 रुपये मिळतील. त्यातून दिलेले 1,994.44 वजा केले तर 1,595.56 उरतात, आणि 24 नोव्हेंबर ते 14 फेब्रुवारी या 80 दिवसांचे व्याज नेमके तेवढेच होते. कोणाचे काही बुडाले नाही, कोणाला फुकट काही मिळाले नाही. 14 फेब्रुवारी 2026 ला शनिवार येतो, म्हणून पैसे पुढच्या कामाच्या दिवशी जमा होतील. त्या वाढीव दिवसांचे व्याज मिळत नाही.

मोजताना एक दिवस इकडेतिकडे होण्याची चूक सर्रास होते. व्याज मोजायचे ते सौद्याच्या तारखेपर्यंत नव्हे, तर पैसे आणि रोखा प्रत्यक्ष बदलतात त्या तारखेपर्यंत, आणि तो दिवस धरायचा नाही. त्या दिवसापासून व्याज घेणाऱ्याचे. शुक्रवारचा सौदा सोमवारी पुरा होतो, म्हणून मधल्या शनिवार-रविवारचे व्याज विकणाऱ्याचे.

मग भाव सरळ 105.19 असाच का सांगत नाहीत? सांगता येतो, पण मग तो भाव वाचता येत नाही. बाजारातला व्याजदर तसूभरही हलला नाही तरी डर्टी प्राइस रोज सुमारे दोन पैशांनी चढत राहते आणि व्याजाच्या दिवशी एकदम 3.59 ने कोसळते. वर्षाचा आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. आज भाव वीस पैशांनी वाढला तो व्याजदर घसरला म्हणून, की नुसते दहा दिवस गेले म्हणून, हे कळणार नाही. शेताचा सौदा उभ्या कपाशीसकट होतो तेव्हा जमिनीचा भाव वेगळा बोलतात आणि पिकाचा वेगळा, म्हणजे शेजारच्या मोकळ्या रानाशी तुलना करता येते. तसेच हे. फरक एवढाच की पिकाचा अंदाज चुकू शकतो. साचलेले व्याज पैशापर्यंत ठरलेले असते.

इथे एक बारकावा आहे, आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत तो हातचा सुटतो. क्लीन प्राइस ही खरी किंमत आणि व्याज ही वरची भर, अशी समजूत करून घेणे चूक आहे. खरी किंमत डर्टीच. पुढे येणाऱ्या सगळ्या रकमांची आजची किंमत काढली की जो आकडा येतो तो डर्टी प्राइसचा. त्यातून साचलेले व्याज वजा करून क्लीन प्राइस मिळते. ती उरलेली बाकी आहे, भाव बोलण्यासाठी केलेली सोय. ही सोय पूर्ण निर्दोषही नाही. समजा, 7.18 टक्क्यांच्या या रोख्यावर बाजाराचा परतावाही अचूक 7.18 टक्के आहे. व्याजाच्या दिवशी भाव बरोबर 100. पण सहामाहीच्या नेमक्या मध्यावर डर्टी प्राइस निघते 101.779, साचलेले व्याज 1.795, म्हणजे क्लीन प्राइस 99.984. काहीही घडलेले नसताना दीड पैसा कमी. कारण साचलेले व्याज सरळ रेषेत वाढते, तर किंमत चक्रवाढीने. दीड पैशाने कोणी भिकेला लागत नाही, पण दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे आकडे जुळेनात तेव्हा हे माहीत असले की अर्धा दिवस वाचतो.

आता या विषयातल्या घराण्यांकडे. दिवस कसे मोजायचे यावर जगात एकमत नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. भारतातले केंद्र आणि राज्य सरकारांचे मुदती रोखे 30/360 पाळतात. अमेरिकेचे सरकारी रोखे प्रत्यक्ष दिवस मोजतात आणि त्यांना त्या सहामाहीतल्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. त्याच अमेरिकेत कंपन्यांचे रोखे मात्र 30/360 वर चालतात. ब्रिटनचे सरकारी रोखे 1998 पर्यंत प्रत्यक्ष दिवस भागिले 365 या पद्धतीने चालत, नंतर तेही अमेरिकी सरकारी पद्धतीवर आले. आपल्याकडे कंपन्यांच्या रोख्यांना सेबीने प्रत्यक्ष दिवसांचाच हिशोब लावला आहे. गुरुजींच्या सौद्यालाच या तीन पद्धती लावून पाहू. 14 ऑगस्ट ते 24 नोव्हेंबर प्रत्यक्ष दिवस 102. 365 ने भागले तर लाखावर 2,006.47 येतात. सहामाहीतल्या 184 दिवसांच्या प्रमाणात काढले तर 1,990.11. आणि आपला 30/360 चा आकडा 1,994.44. रोखा तोच, तारखा त्याच, उत्तरे तीन. लाखावर बारा-सोळा रुपयांचा फरक कोणी पाहणार नाही, पण पाच कोटींच्या सौद्यात पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात सुमारे सहा हजारांचा फरक पडतो आणि समोरची बँक सौदा अडवून धरते. संगणकावर ही चूक एका ओळीत होते. वजाबाकी केली की 102 येतात. हवे ते हे:

```
=DAYS360(DATE(2025,8,14),DATE(2025,11,24))
```

याचे उत्तर 100.

30/360 चा विचित्रपणा फेब्रुवारीच्या शेवटी दिसतो. 14 फेब्रुवारीपासून 28 फेब्रुवारीपर्यंत 14 दिवस, पण 1 मार्चपर्यंत 17. कॅलेंडरवर एक रात्र गेली आणि व्याज तीन दिवसांचे चढले. ही चूक नाही, नियमच तसा आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्यांच्याकडे सौदे येतात त्यांनी हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा वाद भाव कसा बोलायचा याचा. ब्रिटनमध्ये लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचे भाव 1986 पर्यंत व्याजासकट बोलले जात. त्याचा फायदा घेऊन कर चुकवणारे व्याजाच्या तारखेआधी रोखा विकत, म्हणजे साचलेले व्याज उत्पन्न न दिसता भांडवली नफा दिसे, आणि व्याज उचलून झाल्यावर रोखा परत घेत. 1986 मध्ये साचलेल्या व्याजावर वेगळा कर आला आणि सगळे भाव क्लीन बोलले जाऊ लागले. तिथे आजही व्याजाच्या सात कामकाजी दिवस आधीच रोखा ‘व्याजाविना’ होतो. त्या आठवड्यात घेणाऱ्याला पुढचे व्याज मिळत नाही, म्हणून साचलेले व्याज उणे येते आणि विकणारा घेणाऱ्याला पैसे देतो. आपल्याकडे हा काळ व्याजाआधीच्या एका दिवसापुरता आहे, त्यामुळे उणे व्याजाचा प्रश्न जवळपास उद्भवत नाही.

भारतात सरकारी रोख्यांचा मोठा बाजार क्लीन प्राइसवरच चालतो. रिझर्व्ह बँकेची एनडीएस-ओएम ही संगणकी सौदाप्रणाली 2005 पासून आहे, आणि त्याआधी 2002 पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्यस्थ म्हणून सौदे पुरे करते. 2002 हे साल विदर्भातल्या लोकांना दुसऱ्या कारणाने आठवेल. होम ट्रेड या दलाली कंपनीमार्फत नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. कागदावर भाव आणि व्याज कितीही चोख लिहिलेले असले तरी रोखा आपल्या नावावर चढल्याशिवाय साचलेले व्याज ही नुसती शाई. हे विषयांतराचा धोका पत्करून सांगितले, कारण पैसे आणि रोखा एकाच वेळी बदलतील अशी व्यवस्था झाली तेव्हाच ब्रोकन पिरियडच्या हिशोबाला भरवशाचा पाया मिळाला.

शेअर बाजारावर मात्र वेगळाच रिवाज आहे. कंपन्यांचे डिबेंचर किंवा करमुक्त रोखे शेअरच्या बाजूला विकले-घेतले जातात तेव्हा दिसणारा भाव व्याजासकट असतो. हजाराचा रोखा 1,060 ला दिसला की लोक म्हणतात, महाग झाला. त्यात 45 रुपये व्याज साचलेले असेल तर खरा भाव 1,015. व्याजाच्या नोंदीची तारीख उलटली की तोच रोखा एका दिवसात 40-50 रुपयांनी खाली येतो, आणि आदल्या दिवशी विकत घेतलेल्याला वाटते बाजार पडला. रिटेल डायरेक्टवर घेतलेल्या रोख्याचा भाव आणि शेअर बाजारावरच्या रोख्याचा भाव शेजारी ठेवून तुलना करू नये, ती करायचीच असेल तर आधी व्याज वेगळे काढावे. लिलावातही हे विसरू नये. सरकार जुनाच रोखा पुन्हा विकते तेव्हा लिलावात ठरलेल्या भावावर मागच्या व्याजतारखेपासूनचे साचलेले व्याज भरावे लागते. लिलावात घेतला म्हणजे कोरा रोखा, असे नसते.

आता वह्यांकडे. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे, आणि या पुस्तकाची सर्वाधिक पाने त्यावर खर्च झाली याबद्दल मला खंत नाही. एका छोट्या सहकारी बँकेने 10 फेब्रुवारी 2026 ला हाच रोखा पाच कोटी दर्शनी किमतीचा घेतला असे समजू. 14 ऑगस्ट ते 10 फेब्रुवारी, 176 दिवस. साचलेले व्याज 17,55,111 रुपये. ते बँकेने विकणाऱ्याला दिले. पुढे 14 फेब्रुवारीचे व्याज आले 17,95,000. बँकेची खरी कमाई 39,889 रुपये, चार दिवसांची.

आता गुंतवणूक खात्यात बसलेल्या माणसाने ते 17.55 लाख खर्चात न टाकता रोख्याच्या खरेदी किमतीत मिळवले तर? मार्चच्या नफा-तोटा पत्रकात व्याज उत्पन्न 17.95 लाख दिसते. समोर खर्च काहीच नाही. रोख्याची पुस्तकी किंमत मात्र बाजारभावापेक्षा 17.55 लाखांनी जास्त आहे, आणि तो फुगवटा पुढे कधीतरी तोटा म्हणून बाहेर येणार, बहुधा संचालक मंडळ बदलल्यानंतर. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना, नागरी सहकारी बँकांसकट, बजावले आहे की विकणाऱ्याला दिलेले ब्रोकन पिरियडचे व्याज रोख्याच्या किमतीत धरायचे नाही, ते नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवायचे. हे झाले की नाही हे ओळखण्याचा मार्ग साधा आहे. डील स्लिपवरचा क्लीन भाव घ्यावा, त्याला दर्शनी किमतीने गुणून शंभराने भागावे, आणि खातेवहीतल्या खरेदी किमतीशी ताडून पाहावे. फरक असेल तर तो साचलेल्या व्याजाएवढा आहे का, हे पाहावे. जानेवारी-फेब्रुवारीत, व्याजाच्या तोंडावर झालेल्या खरेद्या आधी तपासाव्यात. तपासनीस मंडळींना हे सांगायला नको, पण संचालकांना सांगायला हवे.

कराच्या दरबारात हेच वाक्य उलटे वाचले गेले. बँका म्हणत होत्या की दिलेले व्याज हा खर्च आहे, करातून वजा करा. आयकर खाते म्हणे, ते रोखा मिळवण्यासाठी दिलेले भांडवल आहे, वजा होणार नाही. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलली, पण तो निर्णय ‘रोख्यांवरील व्याज’ या तेव्हाच्या वेगळ्या शीर्षकाखाली होता. त्या शीर्षकाची कलमे 1 एप्रिल 1989 पासून रद्द झाली. 2002 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की विकताना मिळालेले ब्रोकन पिरियडचे व्याज खाते धंद्याचे उत्पन्न म्हणून धरते, तर घेताना दिलेले व्याज नाकारता येणार नाही. पुढे अनेक वर्षे खाते आणि बँका वेगवेगळ्या खंडपीठांपुढे भांडत राहिल्या. 16 ऑक्टोबर 2024 ला बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने वाद बऱ्याच अंशी मिटवला: रोखे बँकेच्या व्यापारातला माल म्हणून धरलेले असतील तर ब्रोकन पिरियडचे व्याज वजा होईल. मुदत संपेपर्यंत ठेवण्यासाठी घेतलेले रोखे व्यापारातला माल आहेत की गुंतवणूक, हे त्या त्या बँकेच्या वस्तुस्थितीवर ठरेल.

या निर्णयाने गुरुजींचा प्रश्न सुटला असे मात्र समजू नये. ते रोख्यांचा व्यापार करत नाहीत. फेब्रुवारीत त्यांच्या खात्यावर 3,590 रुपये व्याज म्हणून येतील आणि विवरणपत्र भरताना त्यातले 1,994.44 आपले नव्हेत हे त्यांना सल्लागाराशी बसून मांडावे लागेल. त्यासाठी सौद्याची पावती, म्हणजे क्लीन भाव, दिवस, साचलेले व्याज आणि एकूण रक्कम या चार आकड्यांचा कागद, जपून ठेवणे हाच उपाय. ती पावती रिटेल डायरेक्टच्या खात्यात मिळते. बहुतेक जण ती उतरवून घेत नाहीत.

हे पुस्तक कोणासाठी, याचे उत्तर वर येऊन गेले आहे. बोदवड, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या पतसंस्थांचे आणि छोट्या बँकांचे कारकून, तपासनीस आणि संचालक, आणि मुदत ठेवीचे व्याज घसरल्यावर सरकारी रोख्यांकडे वळलेले निवृत्त लोक. रोखा कोणता घ्यावा, व्याजदर कुठे जातील, हे यात नाही. कंपन्यांचे बुडीत रोखे, ज्यांवर व्याज साचते असे कोणीच धरत नाही आणि जे व्याजाविना एकाच भावाने विकले जातात, त्यांचा उल्लेख येतो तो मर्यादा सांगण्यापुरता. उदाहरणे जाणूनबुजून खऱ्या रोख्यांच्या खऱ्या व्याजतारखांवर घेतली आहेत, म्हणजे वाचकाला आपल्याकडच्या डील स्लिपशी ताडून पाहता येईल. भाव मात्र सगळे गृहीत धरलेले आहेत. हिशोब करताना शेजारी कॅलेंडर ठेवावे. 30/360 मध्ये त्याचा उपयोग फक्त सेटलमेंटची तारीख आणि सुट्ट्या पाहण्यापुरता आहे, पण नेमक्या त्याच दोन गोष्टी लोक अंदाजाने लिहितात.